बचत खात्याचे अडीच टक्के आणि बँकेचे तीन

५ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पुन्हा पाव टक्क्याने कमी केला. ६.५० टक्क्यांपासून सुरू झालेला हा प्रवास फेब्रुवारी, एप्रिल आणि जून असे थांबे घेत आता ५.२५ वर आलाय. एका वर्षात सव्वा टक्का कमी. टीव्हीवर दर वेळी तीच पट्टी फिरते, ‘गृहकर्ज स्वस्त होणार, हप्ता घटणार’. ते खरंही आहे. वीस वर्षांसाठी घेतलेलं तीस लाखांचं कर्ज साडेआठवरून साडेसात टक्क्यांवर आलं, तर महिन्याचा हप्ता साधारण २६ हजारांवरून २४ हजारांच्या जरा वर येतो. घरातल्या कर्त्या माणसाला महिन्याला अठराशे रुपये सुटले, तर ते कोणाला नको असतात?

पण याच वर्षी जूनमध्ये आणखी एक गोष्ट झाली, जिची पट्टी फारशी फिरली नाही. स्टेट बँकेने बचत खात्यावरचं व्याज २.७० वरून २.५० टक्के केलं. एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या मोठ्या खासगी बँकाही अडीचवरच आल्या. आपल्यापैकी बहुतेकांकडे गृहकर्ज नाही, पण बचत खातं मात्र सगळ्यांकडे आहे. स्कॉलरशिप त्यात येते, इंटर्नशिपचा स्टायपेंड त्यात येतो, घरून येणारे मेसचे पैसेही त्यातच येतात. म्हणजे या साखळीत आपण कर्जदार नाही, ठेवीदार आहोत.

कर्ज स्वस्त झालं की ठेवीदाराचं व्याज का कापलं जातं, हा प्रश्न साधा वाटतो. त्याचं उत्तर बँकेच्या एका आकड्यात आहे. त्याला म्हणतात नेट इंटरेस्ट मार्जिन, बँकवाल्यांच्या भाषेत ‘निम’.

शंभर रुपयांची बँक

बँक म्हणजे पैशांची दुकानदार. आपल्याकडून पैसे कमी दराने घ्यायचे, दुसऱ्याला जास्त दराने द्यायचे आणि मधला फरक ठेवायचा. हे सगळ्यांना माहीत असतं. पण ‘आपल्याला अडीच टक्के देतात आणि कर्जाला नऊ टक्के घेतात, म्हणजे साडेसहा टक्के नफा’ असा हिशेब कट्ट्यावर केला जातो, तो चुकतो. नेमका कुठे, ते पाहायला एक छोटी बँक उघडू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण प्रमाण खऱ्या बँकांच्या जवळपासचं आहे.

या बँकेत लोकांनी शंभर रुपये ठेवलेत. त्यातले आठ रुपये चालू खात्यात आहेत, म्हणजे दुकानदार आणि कंपन्यांचे. त्यावर बँक काहीच व्याज देत नाही. बत्तीस रुपये बचत खात्यांत आहेत, त्यावर २.७० टक्के. उरलेले साठ रुपये एफडीत आहेत, त्यावर सरासरी सात टक्के. आता वर्षाचं व्याज मोजा. बचत खात्यांचे सुमारे ८६ पैसे, एफडीचे ४ रुपये २० पैसे. बँकेच्या खिशातून गेले ५ रुपये ६ पैसे. बघा, बचत खातेदाराला २.७० टक्केच मिळत असले, तरी बँकेला पैसा सरासरी पाच टक्क्यांना पडतोय, कारण एफडी महाग आहे.

आता दुसरी बाजू. हे शंभरच्या शंभर रुपये कर्ज म्हणून वाटता येत नाहीत. चार रुपये रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावे लागतात. हाच सीआरआर, आणि त्यावर बँकेला शून्य व्याज मिळतं. साधारण वीस रुपये सरकारी रोख्यांत आहेत, कारण किमान अठरा टक्के तरी अशा सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा नियम आहे. त्यावर सात टक्के धरू. कर्ज वाटायला उरले ७६ रुपये, त्यावर सरासरी नऊ टक्के. कर्जातून आले ६ रुपये ८४ पैसे, रोख्यांतून १ रुपया ४० पैसे. एकूण ८ रुपये २४ पैसे.

आले ८.२४, गेले ५.०६. हातात राहिले ३ रुपये १८ पैसे. याला म्हणायचं निव्वळ व्याज उत्पन्न. ज्या पैशांवर बँक व्याज कमावते, म्हणजे सीआरआरचे चार सोडून उरलेले ९६ रुपये, त्यांनी याला भागलं की येतात ३.३१ टक्के. हेच निम.

साडेसहा कुठे आणि ३.३१ कुठे! आणि या तीन रुपयांतूनच बँकेला शाखांचं भाडं, कर्मचाऱ्यांचे पगार, एटीएम, सर्व्हर हे सगळं चालवायचं असतं आणि बुडालेल्या कर्जांची भरपाईही करायची असते. फी आणि कमिशनचं उत्पन्न वेगळं असतं, पण बँकेचं मुख्य इंधन हेच.

रेपो उतरला की काय होतं

आता फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये जे घडलं, ते आपल्या छोट्या बँकेत घडवून बघू. रेपो एक टक्क्याने कमी झाला.

इथे एक नियम लक्षात ठेवायचा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी रिटेल कर्जं, म्हणजे गृहकर्ज, वाहनकर्ज, शैक्षणिक कर्ज वगैरे, बाहेरच्या एखाद्या दराशी जोडणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला. रेपो बदलला की तीन महिन्यांच्या आत कर्जाचा दर बदलावाच लागतो. त्याआधी बँका रेपो वाढला की लगेच दर वाढवायच्या आणि कमी झाला की रेंगाळायच्या, अशी तक्रार होती. या नियमाने ती पळवाट बंद केली.

आपल्या बँकेच्या ७६ रुपयांच्या कर्जांपैकी निम्मी, म्हणजे ३८ रुपयांची, रेपोशी जोडलेली आहेत असं धरा. त्यावरचा दर एक टक्क्याने उतरला. बँकेचं उत्पन्न ३८ पैशांनी कमी झालं.

‘पण बँकेलाही पैसा स्वस्त झाला असेल ना?’ इथेच गंमत आहे. रेपो हा रिझर्व्ह बँक बँकांना अगदी थोड्या दिवसांसाठी पैसे देते, त्याचा दर. बँकेने वाटलेला पैसा तिकडून आलेला नसतो, तो तुमच्या-आमच्या ठेवींतून आलेला असतो. आणि गेल्या वर्षी आजोबांनी दोन वर्षांसाठी सात टक्क्यांनी एफडी केली असेल, तर रेपो कितीही उतरला तरी बँकेला मुदत संपेपर्यंत सातच टक्के द्यावे लागतात. तो करार आहे. एफडी जसजशा पिकतील, तसतसा नवा कमी दर लागू होईल. पहिल्या काही महिन्यांत साठपैकी समजा दहाच रुपयांच्या एफडी पिकल्या आणि सहा टक्क्यांनी पुन्हा ठेवल्या गेल्या. बँकेचे वाचले दहा पैसे.

३८ पैसे गेले, १० वाचले. तीन रुपये १८ पैशांचे झाले २ रुपये ९० पैसे. निम ३.३१ वरून ३.०२ वर.

कर्जाचं व्याज जिन्याने नाही, लिफ्टने खाली आलं. एफडीचं व्याज मात्र एकेक पायरी उतरतंय. या मधल्या काळात बँक चिमटीत सापडते.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. स्टेट बँकेचे निकाल बघा. एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत तिच्या देशांतर्गत व्यवसायाचं निम ३.३५ टक्के होतं. एप्रिल ते जून २०२५ मध्ये ते ३.०२ टक्के झालं. हे सगळं रेपोमुळेच झालं असं नाही. त्याआधीच्या चढ्या काळात घेतलेल्या महाग एफडींचाही त्यात वाटा आहे. शिवाय आपल्या छोट्या बँकेची रचना स्टेट बँकेसारखी नाही, त्यामुळे आकडे जुळले तो योगायोग. पण दिशा तीच आहे.

मग चिमटा सोडवायचा कसा

बँकेच्या हातात तेव्हा काय होतं? रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर नियमाने बांधलेला. जुन्या एफडीचा दर कराराने बांधलेला. सरकारी रोख्याचं व्याज आधीच ठरलेलं. एकच दर असा आहे, जो बँक आज ठरवून उद्यापासून सगळ्यांना एकदम लावू शकते. तो म्हणजे बचत खात्याचा.

२०११ पर्यंत हा दर रिझर्व्ह बँक ठरवायची. २५ ऑक्टोबर २०११ ला तो मोकळा केला गेला आणि तेव्हापासून तो प्रत्येक बँकेच्या मर्जीवर आहे. एक लाखापर्यंतच्या शिलकीवर बँकेने सर्वांना एकच दर द्यायचा, एवढी अट ठेवली गेली.

आपल्या छोट्या बँकेने जूनमध्ये तो २.७० वरून २.५० केला. बत्तीस रुपयांवर वाचले सहा पैसे. निम ३.०२ वरून ३.०८. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेनेही हात दिला. ६ जूनला गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी रेपोच्या अर्ध्या टक्का कपातीसोबत सीआरआर चारवरून तीन टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. सप्टेंबर ते नोव्हेंबर अशा चार टप्प्यांत ती लागू झाली आणि बँकांच्या हाती सुमारे अडीच लाख कोटी रुपये आले. आपल्या बँकेत याचा अर्थ असा की शून्य व्याजावर पडलेल्या चार रुपयांतला एक सुटला. तो आठ टक्क्यांनी कर्जाऊ दिला की आठ पैसे मिळतात. निम आलं ३.१३ वर.

पुढे वर्षभरात उरलेल्या पन्नास रुपयांच्या एफडीही सातवरून सहावर येतील, तेव्हा पन्नास पैसे वाचतील. जुन्या पद्धतीची कर्जंही हळूहळू एक टक्क्याने उतरतील असं धरलं, तर ३८ पैसे जातील. शेवटी निम पोचेल ३.२६ वर, म्हणजे जवळपास पूर्वीच्याच जागी. स्टेट बँकेचं देशांतर्गत निमही जुलै ते सप्टेंबर तिमाहीत ३.०९ पर्यंत वर आलंय. अर्थात डिसेंबरच्या कपातीने हाच खेळ छोट्या प्रमाणात पुन्हा सुरू होणार.

थोडक्यात, चिमटा तात्पुरता असतो. एफडी पिकल्या की तो सुटतो. प्रश्न असा आहे की चिमटा सुटल्यावर अडीच टक्के परत पावणेतीन होतात का?

एक दोर होता, तो कापला गेला

या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. जुलै २०१७ संपेपर्यंत स्टेट बँक बचत खात्यावर चार टक्के देत होती. तेव्हा रेपो होता ६.२५. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ अशी दोन वर्षं रेपो त्याहून जास्त, म्हणजे ६.५० होता. आणि बचत खात्यावर मिळत होते २.७०.

मधे काय झालं? १ मे २०१९ पासून स्टेट बँकेने एक धाडसी प्रयोग केला. एक लाखावरच्या बचत शिलकीचं व्याज थेट रेपोशी जोडलं. सूत्र सोपं होतं, रेपोमधून २.७५ वजा करायचे. रेपो वाढला की ठेवीदाराला जास्त, उतरला की कमी. बँकेच्या दृष्टीनेही हे शहाणपणाचं होतं, कारण कर्ज आणि ठेव एकाच दोराला बांधली की दोन्ही एकदम वर-खाली होतात आणि मधला फरक तेवढाच राहतो. चिमटा बसतच नाही.

हा दोर मार्च २०२० मध्ये कापला गेला. बँकेने सगळ्या बचत खात्यांना सरसकट तीन टक्के लावले. पुढे दोनच महिन्यांत २.७०.

आता सूत्र चालू राहिलं असतं तर काय झालं असतं? मे २०२० ते मे २०२२ रेपो चार टक्के होता. सूत्राने ठेवीदाराला फक्त १.२५ टक्के मिळाले असते. मिळत होते २.७०. म्हणजे ती दोन वर्षं दोर कापल्याचा फायदा खातेदारालाच झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोविडच्या काळात बचतीवर सव्वा टक्का मिळाला असता, तर किती आरडाओरडा झाला असता!

मग मे २०२२ पासून रेपो चढू लागला आणि नऊ महिन्यांत चारचा साडेसहा झाला. कर्जं लिफ्टने वर गेली, कारण नियमच तसा. एफडीचे दरही वाढले, उशिरा का होईना. सूत्राने बचत खात्यावर ३.७५ टक्के मिळाले असते. मिळत राहिले २.७०. दोन लाख शिल्लक असलेल्या खातेदाराला, एक लाखावरच्या भागापुरतं बोलायचं तर, वर्षाला १,०५० रुपये कमी पडले. बँकेचं काय झालं? स्टेट बँकेचं देशांतर्गत निम जानेवारी ते मार्च २०२२ च्या ३.४० वरून जानेवारी ते मार्च २०२३ मध्ये ३.८४ वर गेलं.

इथपर्यंत हिशेब बरोबरीचा म्हणता येईल. खाली असताना बँकेने सोसलं, वर असताना बँकेने कमावलं. पण मग जून २०२५ आला. रेपो ५.५० झाला आणि बँकेने व्याज २.५० केलं. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. रेपो चार असताना २.७०. रेपो साडेपाच असताना २.५०. म्हणजे वर जाताना दर हलला नाही आणि खाली येताना मात्र हलला. एका फेरीनंतर खातेदार आधीपेक्षा खालच्या पायरीवर आहे.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. कर्जदाराच्या बाजूने नियम आहे, ठेवीदाराच्या बाजूने नाही. कर्जाचा दर रेपोशी जोडणं सक्तीचं आहे. बचत खात्याचा दर कशालाच जोडलेला नाही. त्यामुळे रेपोचा धक्का बसला की तो शेवटी बिनदोराच्या माणसापर्यंत येऊन थांबतो.

आपण हलत का नाही

बँका हे करू शकतात, कारण आपण हलत नाही. पन्नास हजारांच्या शिलकीवर २.७० ऐवजी २.५० म्हणजे वर्षाला शंभर रुपये कमी. दोन मिसळपावचे पैसे. त्यासाठी कोण खातं बदलेल? यूपीआय त्याला जोडलेलं, केवायसी झालेलं, कॉलेजच्या फॉर्मवर तोच अकाउंट नंबर. पण स्टेट बँकेकडे बचत खात्यांत १५ लाख कोटींहून जास्त पैसे आहेत. त्यावर ०.२० टक्के म्हणजे वर्षाला किमान तीन हजार कोटी. आपले शंभर रुपये आपल्याला दिसत नाहीत, बँकेला मात्र ते एकत्र दिसतात.

हा पैसा बँकेला किती मोलाचा, हे एचडीएफसी बँकेने २०२३ मध्ये अनुभवलं. १ जुलै २०२३ ला गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड तिच्यात विलीन झाली. गृहकर्ज कंपनीकडे बचत खाती नव्हती. ती रोखे विकून आणि महाग ठेवी घेऊन पैसे उभारायची. विलीनीकरणाच्या आधीच्या तिमाहीत बँकेच्या एकूण ठेवींत चालू आणि बचत खात्यांचा वाटा, ज्याला ‘कासा’ म्हणतात, ४२.५ टक्के होता. पुढच्या तिमाहीत तो ३७.६ झाला. एकूण मालमत्तेवर मोजलेलं निम ४.१ वरून ३.४ टक्क्यांवर आलं. त्या काळात रिझर्व्ह बँकेने तात्पुरती जादा रोख राखायला लावली होती, गृहकर्जाचे दरही मुळात कमी असतात, त्यांचाही यात हात आहे. पण स्वस्त पैशांचा वाटा घटला की मार्जिनला किती लागतं, हे दिसून आलं.

बँकेची बाजूही ऐकायला हवी. बचत खातं चालवणं फुकट नाही. दिवसाला दहा-वीस यूपीआय व्यवहार, एटीएम, शाखा, पासबुक, कस्टमर केअर यासाठी बँक आपल्याकडून जवळजवळ काही घेत नाही. स्टेट बँकेने तर २०२० मध्येच किमान शिलकीचा दंड काढून टाकला. कमी व्याज ही त्या सेवेची फी आहे, असं बँका म्हणतात. मुद्दा खरा आहे. फक्त ही फी दोन हजार शिल्लक ठेवणाऱ्याला जवळपास शून्य पडते आणि दोन लाख पडून ठेवणाऱ्याला सगळ्यात महाग, आणि ती पासबुकात कुठेच लिहिलेली नसते.

जास्त व्याज, जास्त मार्जिन आणि सापळा

‘मग जास्त व्याज देणाऱ्या बँकेत जाऊ या’ हा पुढचा विचार. काही बँका बचत खात्यावर सहा-सात टक्केही देतात. इथे मघाचं गणित पुन्हा आठवायचं. ज्या बँकेला पैसा महाग पडतो, तिला मार्जिन टिकवायला कर्जही महाग द्यावं लागतं. आणि महाग कर्ज घेणारा बहुतेकदा तोच, ज्याला स्वस्त कर्ज मिळत नाही. मायक्रोफायनान्समध्ये असलेल्या बँकांचं निम सहा-सात टक्क्यांपर्यंत जातं ते यामुळे. पण निममध्ये बुडालेल्या कर्जाचा खर्च धरलेला नसतो. तो नफा-तोटा पत्रकात खालच्या ओळीत, तरतुदी म्हणून येतो. त्यामुळे नुसतं निम वाढलं म्हणून बँक चांगली, असं म्हणता येत नाही. निमसोबत ढोबळ अनुत्पादित कर्जांचं प्रमाण आणि तरतुदी वाढतायत का, ते बघावं लागतं.

२०११ मध्ये बचतीचे दर मोकळे झाल्यावर सगळ्यात आधी सहा टक्के जाहीर करणाऱ्यांत येस बँक होती. ५ मार्च २०२० ला, कर्जं बुडाल्यानंतर, तिच्यावर निर्बंध आले आणि खातेदारांना पन्नास हजारांवर पैसे काढता येईनात. ते निर्बंध दोन आठवड्यांत उठले. जास्त व्याज दिलं म्हणून बँक अडचणीत आली असं नाही. सहा टक्के तर इतर बँकांनीही दिले आणि त्या व्यवस्थित आहेत. बुडवतात ती कर्जं. पण जास्त व्याज कुठून येतंय, हा प्रश्न ठेवीदाराने विचारायचा असतो, एवढं त्यातून कळतं.

म्हणून एक मर्यादा पाठ असू द्या. बँक बुडाली, तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या खात्यांचे मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्याने सुरक्षित असतात. त्यावर जाऊन एकाच बँकेत केवळ दरासाठी पैसे ठेवू नयेत.

आपल्या खात्यापुरतं

हे सगळं कळल्यावर करायचं काय? बचत खात्यावरचं व्याज रोजच्या दिवसअखेरच्या शिलकीवर मोजलं जातं. म्हणजे पैसे महिनाभर लागणार नसतील, तर ते तिथे ठेवून बँकेला स्वस्त पैसा पुरवण्यात आपला काही फायदा नाही. बऱ्याच बँकांत ‘स्वीप’ सुविधा असते. ठरावीक रकमेवरचे पैसे आपोआप एफडीत जातात आणि लागले की परत येतात. पंचवीस हजार वर्षभर बचत खात्यात ठेवले तर ६२५ रुपये मिळतात, सहा टक्क्यांच्या एफडीत १,५०० च्या वर. मुदतीआधी मोडली तर व्याज थोडं कापलं जातं, तेवढं आधी वाचून घ्या.

आणि शैक्षणिक कर्ज असेल, तर मंजुरीपत्र काढा आणि दर कशाशी जोडलाय ते बघा. तिथे रेपोशी जोडलेला दर असेल, तर या वर्षीची कपात तुमच्या हप्त्यात किंवा मुदतीत दिसायला हवी. दिसत नसेल, तर शाखेत जाऊन विचारायचा हक्क आहे. कर्ज बँकेऐवजी वित्त कंपनीचं, म्हणजे एनबीएफसीचं असेल, तर हा २०१९ चा नियम तिला लागू नाही. तिथे दर कंपनीच ठरवते. बँक आणि एनबीएफसीचा दर आज सारखाच दिसत असेल, तरी पुढच्या पाच वर्षांत तो सारखा राहील असं नाही.

पुढच्या महिन्यात बँकांचे ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचे निकाल येतील. नफ्याचा आकडा हेडलाइनमध्ये असेलच. त्याखाली निम आणि कासा हे दोन आकडे शोधा. निम सावरलेलं दिसलं, तर समजा की एफडी पिकल्या आणि चिमटा सुटू लागला. आणि मग आपल्या पासबुकातला अडीचचा आकडा बघा. बँकेची अडचण संपल्यावर तो वर येतो की नाही, हे कळायला कुठलाही अर्थशास्त्राचा पेपर द्यावा लागत नाही.